अनुदान-अर्जातील संशोधक-परिचय: शोधनिबंध, पूर्वीचे प्रकल्प आणि पुढची दिशा एका सूत्रात कशी मांडावी

संशोधन-अनुदानाचा अर्ज भरताना बहुतेकांचा वेळ प्रस्ताव आणि अंदाजपत्रक यांवर खर्च होतो आणि स्वतःचा परिचय शेवटच्या दिवशी जुन्या बायोडेटातून उचलून चिकटवला जातो. परीक्षक मात्र प्रस्तावाचा सारांश वाचून झाल्यावर बहुधा लगेच परिचयाकडे वळतो, कारण त्याला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते: मांडलेले काम या व्यक्तीकडून, या संस्थेत, मागितलेल्या मुदतीत पुरे होईल का? या उत्तरासाठी त्याच्यापुढे तीन प्रकारचे पुरावे असतात. शोधनिबंधांवरून अर्जदाराला विषय आणि पद्धती यांची जाण आहे की नाही ते कळते. पूर्वीच्या प्रकल्पांवरून तो सार्वजनिक पैसा हाताळून काम तडीस नेतो की नाही ते कळते. आणि पुढच्या दिशेवरून हे काम त्याच्या मनात खरोखर घोळत आहे की केवळ योजना जाहीर झाली म्हणून सुचले आहे, याचा अंदाज येतो. हे तीन पुरावे तीन स्वतंत्र याद्यांप्रमाणे मांडले, तर त्यांच्यातला संबंध जुळवण्याचे काम परीक्षकावर पडते आणि एका बैठकीत अनेक अर्ज वाचणारा माणूस ते काम करत नाही. म्हणून परिचयातले प्रत्येक वाक्य हातातल्या प्रस्तावाला टेकलेले असावे, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

परिचयाचे स्वरूप संस्थेप्रमाणे बदलते. आपल्याकडे २०२३च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये (एएनआरएफ) पूर्वीचे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ विलीन झाले. अशा सरकारी योजनांच्या बायोडेटात शिक्षण, अनुभव, प्रकाशने, पेटंट आणि प्रकल्प यांचे तक्ते असतात. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने अनेक वर्षे चालवलेल्या परिचय-नमुन्यात विज्ञानातली जास्तीत जास्त पाच योगदाने वर्णनात्मक लिहून प्रत्येकाखाली चारपर्यंत प्रकाशने देण्याची मुभा होती. ब्रिटनमध्ये यूकेआरआय या सरकारी संशोधन-निधी संस्थेचा वर्णनात्मक परिचय चार भागांत विभागलेला आहे: नव्या ज्ञानात घातलेली भर, इतरांना घडवण्याचे काम, संशोधक-समुदायासाठी केलेले काम आणि समाजाला झालेला उपयोग. नमुना कोणताही असला, तरी तक्त्यांच्या आधी किंवा प्रस्तावाच्या 'अर्जदाराची पात्रता' या भागात साधारण चारशे ते पाचशे शब्दांचे सलग लेखन कुठे ना कुठे करावेच लागते. हा लेख त्या सलग लेखनाबद्दल आहे. जाहिरातीत शब्दमर्यादा वेगळी असेल तर तीच पाळावी.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक अर्जदार घेऊ. या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात भूशास्त्राच्या सहायक प्राध्यापिका आहेत. त्यांची पीएचडी २०१३ची, विषय भूजलाचे रसायन. नावावर १४ शोधनिबंध आहेत. विद्यापीठाकडून दीड लाखांचा छोटा प्रकल्प (२०१६ ते २०१८), राज्यस्तरीय योजनेतून सात लाखांचा प्रकल्प (२०१९ ते २०२२) आणि सध्या एका केंद्रीय प्रकल्पात सह-अन्वेषक, असा त्यांचा अनुदानाचा इतिहास आहे. आता त्यांना तीन वर्षांसाठी ३२ लाख हवे आहेत. प्रश्न असा की, विंधनविहिरींच्या पाण्यातले फ्लोराइड ऋतूप्रमाणे आणि खोलीप्रमाणे का बदलते?

आधी प्रस्तावाची उद्दिष्टे, मग स्वतःबद्दल

परिचय लिहायला बसताना समोर बायोडेटा ठेवू नये, प्रस्तावाची उद्दिष्टे ठेवावीत. कागदावर डाव्या बाजूला प्रत्येक उद्दिष्ट लिहावे, त्याखाली ते साधण्यासाठी लागणारे कौशल्य लिहावे आणि उजव्या बाजूला ते कौशल्य आपल्याकडे असल्याचा पुरावा लिहावा. पुरावा म्हणजे शोधनिबंध, पूर्ण केलेला प्रकल्प, प्राथमिक निरीक्षणे, उपकरण किंवा सहकारी यांपैकी काहीही.

आपल्या अर्जदारांची तीन उद्दिष्टे आहेत. पहिले, ४८ विंधनविहिरींचे पाणी वर्षभर दर महिन्याला तपासणे, म्हणजे एकूण ५७६ नमुने. यासाठी त्यांच्याकडे दोन शोधनिबंध आहेत आणि राज्यस्तरीय प्रकल्पात ३६ विहिरींचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर घेतल्याचा अनुभव आहे. उजवी बाजू भक्कम भरली. दुसरे उद्दिष्ट, पाण्यातल्या समस्थानिकांवरून ते पाणी अलीकडच्या पावसाचे आहे की जमिनीत दीर्घकाळ साठलेले आहे हे ठरवणे. येथे त्यांच्याकडे फक्त एक शोधनिबंध आहे, त्यातही त्या तिसऱ्या लेखिका आहेत आणि समस्थानिकांचे मापन सहकाऱ्याच्या प्रयोगशाळेत झाले होते. तिसरे, कोणत्या खोलीचे पाणी पिण्यास सुरक्षित आहे याची गावनिहाय शिफारस करणे. यावर शोधनिबंध एकही नाही, पण जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला दिलेला एक तांत्रिक अहवाल आहे.

या कागदाचा खरा उपयोग रिकाम्या जागा दिसण्यासाठी होतो. दुसऱ्या उद्दिष्टासमोरची जागा जवळजवळ रिकामी आहे आणि ती शब्दांनी भरता येणार नाही. ती भरण्याचा मार्ग म्हणजे समस्थानिकांचे काम नेहमी करणाऱ्या प्रयोगशाळेतली व्यक्ती सह-अन्वेषक म्हणून घेणे आणि परिचयात त्याचा स्पष्ट उल्लेख करणे. ज्याला हे करावयाचे नसेल त्याने उद्दिष्टच लहान करावे. जी पद्धत अर्जदाराने कधी हाताळलेली नाही ती स्वतःच्या नावावर दाखवलेली परीक्षकाला पटकन दिसते, आणि एकदा तिथे शंका आली की तो उरलेल्या दाव्यांकडेही त्याच नजरेने पाहतो.

शोधनिबंध: संख्येऐवजी भूमिका आणि निष्कर्ष

सलग लेखनात १४ शोधनिबंधांची संख्या फार तर एकदा यावी. पूर्ण यादीसाठी तक्ता आहेच. परिचयात निवडक चार ते पाच घ्यावेत आणि निवडीची कसोटी एकच ठेवावी: हा निबंध नसता तर प्रस्तावातले कोणते वाक्य लंगडे पडले असते? या कसोटीवर एखादा जास्त उद्धृत झालेला, पण वेगळ्या विषयावरचा निबंध बाहेर राहतो आणि कमी प्रसिद्ध नियतकालिकातला, पण हातातल्या प्रश्नाचा पाया असलेला निबंध आत येतो. हे अनेकांना जड जाते. तरीही माझा आग्रह राहील की, सर्वात प्रतिष्ठित वाटणारा निबंध विषयाशी जुळत नसेल, तर तो तक्त्यातच राहू द्यावा.

प्रत्येक निवडलेल्या निबंधाबद्दल दोन गोष्टी सांगाव्यात: त्यातून काय कळले आणि त्यात आपण नेमके काय केले. दुसरी गोष्ट बहुतेक परिचयांत गायब असते. रसायन, जीवशास्त्र, भूशास्त्र अशा विषयांत पहिले नाव आणि पत्रव्यवहाराचा लेखक यांना महत्त्व असते. गणितात नावे बहुधा वर्णानुक्रमाने येतात, त्यामुळे तेथे क्रमावरून काही ठरत नाही. परीक्षक नेमका आपल्याच उपविषयातला असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून 'नमुना-संकलनाची आखणी आणि विश्लेषण माझे, सांख्यिकी सहलेखकाची' असे एका उपवाक्यात सांगितले की शंका उरत नाही. अनेक नियतकालिके लेखकांच्या योगदानाची नोंद १४ ठरावीक भूमिकांत करून छापतात. आपल्या निबंधात ती छापलेली असेल तर परिचयातले वर्णन तिच्याशी जुळले पाहिजे.

आकड्यांबाबत सावधगिरी बाळगावी. २०१२मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या संशोधन-मूल्यमापनविषयक जाहीरनाम्याने नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर हा एकेका संशोधकाच्या गुणवत्तेचे माप म्हणून वापरू नये, अशी भूमिका घेतली आणि जगभरच्या अनेक अनुदान-संस्थांनी ती मान्य केली. आपल्याकडच्या काही नमुन्यांत तो आकडा अजून मागतात. मागितला असेल तर तक्त्यात द्यावा, सलग लेखनात आणू नये. एच-इंडेक्सचेही तसेच. एकाच व्यक्तीचा हा निर्देशांक गुगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स यांवर वेगवेगळा दिसतो, कारण प्रत्येकाचा संग्रह वेगळा आहे. द्यावाच लागला तर कोणत्या संग्रहातला आणि कोणत्या तारखेचा ते लिहावे.

'पाठवलेला' किंवा 'तयारीत असलेला' निबंध पुरावा म्हणून मोजला जात नाही. स्वीकृतीपत्र हाती असेल तर 'स्वीकृत' म्हणावे. निबंध परीक्षणाखाली असून त्याची प्रीप्रिंट सार्वजनिक असेल तर तिचा क्रमांक द्यावा. नाहीतर तो उल्लेख गाळावा. पैसे भरून काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतले जुने निबंध ज्यांच्या नावावर आहेत, त्यांनी ते निवडक पाचांत मुळीच घेऊ नयेत.

पूर्वीचे प्रकल्प: सर्वांत दुर्लक्षित भाग

हा भाग मी मुद्दाम विस्ताराने घेतो, कारण शोधनिबंधांबद्दल सगळेच काही ना काही लिहितात, पण अनुदानाच्या इतिहासाबद्दल 'तीन प्रकल्प पूर्ण व चालू' एवढ्या एका ओळीत विषय संपवला जातो. पैसे देणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने मात्र हाच भाग सर्वांत बोलका असतो. तिला चार गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: पैसे कोणी दिले, अर्जदाराची भूमिका कोणती होती, काम आणि हिशेब मुदतीत पूर्ण झाले का, आणि त्यातून काय हाती आले.

भूमिका लपवण्याचा किंवा फुगवण्याचा मोह येथे सर्वाधिक होतो. सह-अन्वेषक असलेल्या २८ लाखांच्या प्रकल्पातले अर्जदारांच्या महाविद्यालयाकडे आलेले पैसे सहा लाख असतील, तर '२८ लाखांच्या प्रकल्पात सह-अन्वेषक, माझ्या संस्थेचा वाटा ६ लाख' असे लिहावे. केवळ २८ लाख लिहिले तर खोटे ठरत नाही, पण मंजुरीपत्र मागितले गेले की अर्जदार अडचणीत येतो. प्रमुख अन्वेषक म्हणून मिळालेला दीड लाखांचा छोटा प्रकल्प मात्र संकोचाने गाळू नये. लहान रकमेत काम पूर्ण केल्याची नोंद मोठ्या प्रकल्पातल्या अस्पष्ट सहभागापेक्षा जास्त सांगते, असे माझे स्पष्ट मत आहे.

काम पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणजे अंतिम अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे यूसी म्हणतात. २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत सरकारी अनुदानासाठी या प्रमाणपत्राचा नमुना ठरवून दिलेला आहे आणि जुन्या प्रकल्पाचे प्रमाणपत्र अडकले असेल तर नवी मंजुरीही अडकू शकते. परिचयात त्यासाठी वेगळा परिच्छेद नको. 'अंतिम अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र सादर' हे पाच-सहा शब्द पुरतात. पण ते लिहिण्याआधी महाविद्यालयाच्या लेखा विभागात जाऊन प्रमाणपत्र खरोखर गेले आहे की कुठल्या फाइलमध्ये सहीसाठी पडून आहे, हे पाहून यावे.

मुदतवाढ घेतली असेल तर कारणासह सांगावी. आपल्या अर्जदारांच्या राज्यस्तरीय प्रकल्पाला सहा महिन्यांची वाढ मिळाली, कारण २०२०च्या टाळेबंदीत उन्हाळ्यातले नमुने घेता आले नाहीत. हे एका वाक्यात आले की ते सबब वाटत नाही. उलट, एक ऋतू हुकल्यावर त्यांनी काम अर्धवट न आटोपता पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहिली हे दिसते. नामंजूर झालेल्या अर्जांचा उल्लेख, नमुन्यात मागितला नसेल तर, करण्याचे कारण नाही.

यानंतर दोन नाजूक जागा उरतात. पहिली रकमेच्या उडीची. स्वतः प्रमुख म्हणून सात लाख हाताळलेल्या व्यक्तीला ३२ लाख द्यावेत का, हा प्रश्न समितीत हमखास विचारला जातो आणि त्याचे उत्तर परिचयातच असावे. अर्जदारांच्या मागणीतला मोठा भाग संशोधन-सहायकाचे तीन वर्षांचे मानधन आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतली समस्थानिकांची तपासणी यांचा आहे; क्षेत्रकामाचा आवाका पूर्वीच्या ३६ विहिरींवरून ४८ वर जातो, म्हणजे फार वाढत नाही. विहिरींच्या संख्येपेक्षा भेटींची वारंवारता वाढते, हे सांगितले की उडी समजण्याजोगी होते. दुसरी जागा दुहेरी निधीची. चालू केंद्रीय प्रकल्प नायट्रेटवर आहे आणि नवा फ्लोराइडवर. पण दोन्हींत विंधनविहिरींचे पाणी आहे. दोन प्रकल्पांतले तालुके, विहिरी आणि मोजले जाणारे घटक वेगळे आहेत, हे अर्जदाराने आपण होऊन सांगितले नाही तर परीक्षक एकाच कामासाठी दोनदा पैसे मागितल्याचा संशय घेईल.

पुढची दिशा: न सुटलेल्या निरीक्षणातून

'भविष्यात जलसंसाधनांच्या शाश्वत व्यवस्थापनावर काम करण्याचा मानस आहे', हे वाक्य कोणत्याही अर्जात बसते आणि म्हणूनच कोणत्याही अर्जात काही सांगत नाही. पुढची दिशा विश्वासार्ह वाटते ती अर्जदाराच्या स्वतःच्या कामात उरलेल्या एखाद्या कोड्यातून ती निघते तेव्हा. त्यासाठी आपले निवडक निबंध पुन्हा उघडून त्यांच्या चर्चेच्या भागात 'याचे कारण स्पष्ट होत नाही' अशा अर्थाची वाक्ये शोधावीत.

आपल्या अर्जदारांच्या निबंधात तसे वाक्य आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. त्यांनी तपासलेल्या ३६ पैकी ११ विहिरी उन्हाळ्यात या वरच्या मर्यादेच्या पलीकडे होत्या. पावसाचे पाणी मुरल्यावर फ्लोराइड सौम्य होईल अशी अपेक्षा होती आणि बहुतेक विहिरींत तसे झालेही. पण तीन विहिरींत ते पावसाळ्यानंतर वाढले. मुरणाऱ्या पाण्याने वरच्या थरात साचलेले क्षार खाली नेले, की उपसा वाढल्यामुळे खोलवरचे जुने, जास्त फ्लोराइडचे पाणी वर ओढले गेले? वर्षातून दोनदा घेतलेल्या नमुन्यांतून हे ठरवता येत नाही. दरमहा नमुने का हवेत, समस्थानिके का हवीत आणि सह-अन्वेषक का हवा, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर या तीन विहिरींत आहे. आपल्या परिचयाचा सांधा असाच एखाद्या ठोस निरीक्षणावर बसवावा.

दिशा दोन टप्प्यांत सांगावी. पहिला टप्पा प्रकल्पाच्या मुदतीतला, म्हणजे तीन वर्षांत काय कळेल. दुसरा त्यापलीकडच्या चार-पाच वर्षांचा, आणि तो एकाच वाक्यात. दुसऱ्या टप्प्यात पहिल्याचा निकाल उलटा लागला तरी काम पुढे जाईल अशी मांडणी असावी. वाढीचे कारण वरच्या थरातले क्षार असले तर विहिरींच्या आवरण-नळीची खोली हा पुढचा प्रश्न ठरतो. कारण खोलवरचे पाणी असले तर उपशाचे प्रमाण हा प्रश्न ठरतो. दोन्ही वाटा आधीच दिसत असलेल्या व्यक्तीला समिती पैसे देण्यास कचरत नाही. मात्र पेटंट, संकेतस्थळ, ॲप, धोरण आणि जनजागृती अशी लांबलचक आश्वासने येथे देऊ नयेत. अंतिम अहवालाच्या वेळी ती एकेक करून विचारली जातात.

तीन धागे एकत्र विणणे

आता लेखन. जाहिरातीत प्रथमपुरुष की तृतीयपुरुष हे सांगितले नसेल तर प्रथमपुरुष वापरावा, कारण 'मी केले' आणि 'आम्ही केले' यातला फरक त्यात स्वच्छ राहतो. शब्दांची वाटणी समान करू नये. निम्म्याच्या जवळपास जागा शोधनिबंधांतल्या निष्कर्षांना, साधारण तिसरा हिस्सा पूर्वीच्या प्रकल्पांना आणि उरलेली पुढच्या दिशेला, हे प्रमाण मध्यम टप्प्यावरच्या अर्जदाराला जमते. नुकतीच पीएचडी झालेल्याकडे अनुदानाचा इतिहास नसतो. त्याने शिष्यवृत्ती, प्रवास-अनुदान आणि मार्गदर्शकाच्या प्रकल्पात स्वतः सांभाळलेला भाग थोडक्यात सांगून दिशेला जास्त जागा द्यावी. ज्येष्ठ संशोधकाने उलट निबंधांचा भाग आखडून, आपल्या प्रकल्पांतून तयार झालेले विद्यार्थी आज काय करतात हे सांगावे.

वारंवार दिसणारा मसुदा असा असतो: 'मला अध्यापन व संशोधनाचा प्रदीर्घ अनुभव असून माझे १४ शोधनिबंध नामांकित आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत. मी तीन संशोधन प्रकल्पांवर काम केले आहे. भूजल, पर्यावरण व भूरसायन ही माझी आवडीची क्षेत्रे आहेत.' यातले एकही वाक्य चुकीचे नाही, पण फ्लोराइडचा प्रकल्प याच व्यक्तीला का द्यावा हे यातून कळत नाही.

तीच माहिती सूत्रात बांधली की संक्षेपाने अशी दिसते:

'यवतमाळ जिल्ह्यातल्या विंधनविहिरींत फ्लोराइड कुठे, किती आणि केव्हा वाढते, हा माझ्या कामाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. पीएचडीत मी बेसाल्टमधल्या भूजलाचे रसायन अभ्यासले आणि कॅल्शियम कमी असलेल्या अल्कधर्मी पाण्यात फ्लोराइड टिकून राहते हे स्थानिक नमुन्यांत दाखवले (निबंध १, आखणी व विश्लेषण माझे). विद्यापीठाच्या दीड लाखांच्या प्रकल्पातून नमुना-संकलनाची पद्धत बसवली. त्यानंतर प्रमुख अन्वेषक म्हणून राज्यस्तरीय ७ लाखांच्या प्रकल्पात ३६ विहिरी दोन ऋतूंत तपासल्या. टाळेबंदीमुळे एक उन्हाळा हुकल्याने सहा महिन्यांची मुदतवाढ घेतली; अंतिम अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र सादर झाले आहे. या कामातून दोन शोधनिबंध (२ व ३) आणि जिल्हा परिषदेला दिलेला तांत्रिक अहवाल तयार झाला. ११ विहिरी मर्यादेबाहेर आढळल्या. त्यांपैकी तीन विहिरींत पावसाळ्यानंतर फ्लोराइड वाढले आणि त्याचे कारण दोन ऋतूंच्या नमुन्यांतून ठरवता आले नाही. प्रस्तावित प्रकल्प हेच कारण शोधतो. समस्थानिकांच्या मापनात मी यापूर्वी सहलेखिका होते (निबंध ४). या प्रकल्पात ती जबाबदारी सह-अन्वेषकांची आहे आणि नमुन्यांची आखणी व भूरासायनिक अर्थनिर्णयन माझ्याकडे आहे. सध्या मी नायट्रेटविषयक प्रकल्पात सह-अन्वेषक आहे (संस्थेचा वाटा ६ लाख). त्यातील तालुके, विहिरी आणि मापने वेगळी आहेत. तीन वर्षांनंतर, मिळालेल्या उत्तरानुसार, आवरण-नळीची खोली किंवा उपशाचे प्रमाण यांपैकी योग्य त्या दिशेने काम पुढे नेण्याची योजना आहे.'

येथे १४ हा आकडा आलेला नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. प्रकल्प आणि निबंध वेगळे सांगितलेले नाहीत; पैसा कुठून आला, त्यातून कोणता निबंध निघाला आणि त्या निबंधाने कोणता प्रश्न उभा केला, हे एकापाठोपाठ येते. जिथे स्वतःची ताकद कमी आहे तिथे ते उघडपणे सांगून उपायही सांगितला आहे. हा मसुदा मर्यादेपेक्षा लहान आहे. उरलेल्या जागेत रकमेच्या उडीचे स्पष्टीकरण, मार्गदर्शन केलेले विद्यार्थी आणि उपलब्ध उपकरणे यांची भर घालता येते.

नावे, खंड आणि तारखा

लग्नानंतर आडनाव बदललेल्या अनेक संशोधिकांचे सुरुवातीचे निबंध माहेरच्या नावाने असतात आणि संग्रहांत त्यांच्या दोन वेगळ्या व्यक्ती होऊन बसतात. आपल्या अर्जदारांचे चार निबंध असेच आहेत. ऑर्किड हा २०१२पासून दिला जाणारा १६ अंकी ओळखक्रमांक घेऊन दोन्ही नावांचे निबंध त्याखाली जोडावेत आणि परिचयात 'निबंध १ पूर्वीच्या नावाने प्रसिद्ध' असे नोंदवावे. ज्या पुरुष लेखकांची नावे कधी वडिलांच्या नावासह, कधी केवळ आद्याक्षरांनी छापली गेली आहेत, त्यांनाही हाच उपाय लागू आहे.

बाळंतपण, आजारपण किंवा घरातल्या कोणाची शुश्रूषा यांमुळे पडलेला खंड महिना-वर्षासह एका वाक्यात सांगावा, कारण अनेक योजनांत वयोमर्यादेत किंवा पीएचडीनंतरच्या वर्षांच्या गणनेत त्यासाठी सवलत असते आणि ती मागितल्याशिवाय मिळत नाही. वैयक्तिक तपशील देण्याची गरज नाही.

सादर करण्यापूर्वी

परिचय, तक्ते आणि पोर्टलवर भरलेली माहिती या तीन ठिकाणांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून तपासाव्यात. चुका बहुधा येथेच निघतात: परिचयात प्रकल्प २०२२मध्ये संपतो आणि तक्त्यात मुदतवाढ धरून २०२३मध्ये, एका ठिकाणी रक्कम लाखांत आणि दुसरीकडे रुपयांत, त्यात एक शून्य कमी, निबंधाचे क्रमांक यादी बदलल्यावर सरकलेले. मंजुरीपत्रांवरची रक्कम आणि प्रत्यक्ष मिळालेली रक्कम वेगळी असेल तर तक्त्यात दोन्ही द्याव्यात आणि परिचयात मंजूर रक्कम वापरावी.

त्यानंतर मसुदा आपल्या विषयाबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला, प्रस्ताव न दाखवता, वाचायला द्यावा आणि त्याला दोन प्रश्न विचारावेत: ही व्यक्ती पुढे कोणता प्रश्न घेणार आहे असे वाटते, आणि तो प्रश्न तिला कशामुळे पडला? सहकाऱ्याने पहिल्याचे उत्तर दिले पण दुसऱ्याचे नाही, तर निबंध आणि दिशा यांमधला सांधा कच्चा आहे आणि न सुटलेल्या निरीक्षणाचे वाक्य अधिक ठळक करावे लागेल. दोन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर वाक्ये घासूनपुसून उपयोग नाही. उद्दिष्टांच्या कागदावर परत जाऊन उजवी बाजू नव्याने भरावी. हे करायला वेळ राहावा म्हणून संस्थाप्रमुखांच्या सहीचे शिफारसपत्र मागण्याआधीच परिचयाचा मसुदा तयार ठेवावा, कारण सही झाल्यावर अंदाजपत्रकातली किंवा सह-अन्वेषकाच्या नावातली दुरुस्ती पुन्हा त्या सगळ्या टेबलांवरून फिरवून आणावी लागते.